तडजोडीचा कागद कसा लिहावा, कोणी सही करावी आणि तो कुठे मोडतो

मध्यस्थी यशस्वी झाली असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय झालेले असते? दोघांनी मान डोलावली, एकमेकांचे हात हाती घेतले, एवढ्याने न्यायालयाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. जे ठरले ते लेखी उतरले, दोन्ही पक्षकारांनी वाचून त्याखाली सह्या केल्या आणि तो कागद न्यायालयापुढे गेला, म्हणजे तडजोड झाली. जिल्हा न्यायालयांत या कागदाला तडजोड पुरसिस म्हणतात, मुंबईत कन्सेंट टर्म्स म्हणतात. वर्षानुवर्षांचा वाद ज्या दोन-तीन पानांवर मिटायचा ती पाने बहुधा दिवसाच्या शेवटी, सगळे थकलेले असताना घाईने लिहिली जातात, आणि मिटलेला वाद त्याच पानांतून पुन्हा डोके वर काढतो. हा कागद कशासाठी असतो, त्यात काय यावे, काय येऊ नये, कोणी सही करावी आणि तो कुठे मोडतो, याचा हा आढावा आहे. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांना जोडलेली मध्यस्थी आणि शेतीचा एक घरगुती वाद एवढीच त्याची मर्यादा ठेवली आहे.

बैठकीची नोंद वेगळी, तडजोडीचा कागद वेगळा

पहिली चूक इथेच होते. बैठकीचे इतिवृत्त लिहायची आपल्याला सवय आहे. सोसायटीची सभा असो की ग्रामसभा, कोण काय बोलले, कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिले, हे सगळे त्यात येते. मध्यस्थीच्या बैठकीची नोंद अशी लिहिली तर घात होतो. समजा, थोरल्या भावाने बोलता बोलता म्हटले, "विहिरीत याचाही वाटा आहे, मी नाही म्हणत नाही, पण खर्चाचे काय?" आणि नोंद लिहिणाऱ्याने "थोरल्याने धाकट्याचा वाटा कबूल केला" असे लिहून ठेवले. उद्या बोलणी फिसकटली तर तो कागद पुरावा म्हणून न्यायालयात येईल. असे होऊ शकते हे कळल्यावर पुढच्या बैठकीत कोणीही मोकळेपणाने तोंड उघडणार नाही.

म्हणून मध्यस्थीत गुप्तता हा मूळ नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात तो अगदी सोप्या शब्दांत सांगितला. समेट झाला तर मध्यस्थाने सह्या झालेला करार न्यायालयाकडे पाठवावा, बैठकीत काय झाले ते कळवू नये. समेट झाला नाही तर मध्यस्थी असफल झाली एवढे एकच वाक्य कळवावे. कोणी कोणता प्रस्ताव दिला, कोणी नाकारला, यातले काही नाही.

याचा अर्थ कागद दोन प्रकारचे असतात. एक बैठकीची साधी नोंद: तारीख, वेळ, ठिकाण, दावा क्रमांक, हजर पक्षकार आणि वकील, पुढची तारीख. त्यात वादाबद्दल अक्षरही नसते. दुसरा तडजोडीचा कागद: त्यात फक्त ठरलेले येते, ठरण्याचा इतिहास येत नाही. मध्यस्थाने स्वतःच्या वहीत केलेली टिपणे या दोन्हींत मोडत नाहीत आणि बहुतेक मध्यस्थ ती काम संपल्यावर नष्ट करतात. "बऱ्याच चर्चेनंतर प्रतिवादीने आपली चूक मान्य करून" अशी वाक्ये तडजोडीच्या कागदात दिसली, तर समजावे की लिहिणाऱ्याने दोन्ही कागदांची गल्लत केली आहे. अशा वाक्याने अंमलबजावणीला काडीची मदत होत नाही, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले त्याचा हात सही करताना थबकतो.

सहीला एवढे महत्त्व का

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने एक अट आली: तडजोड लेखी असावी आणि पक्षकारांनी सही केलेली असावी. त्याआधी तोंडी तडजोड झाली होती की नव्हती, यावरच साक्षीपुरावे चालत. पुढे 1988 मध्ये गुरप्रीत सिंग विरुद्ध चतुर्भुज गोयल या प्रकरणात या अटीची कसोटी लागली. तिथे तडजोडीबद्दलचे निवेदन न्यायालयासमोर झाले होते, पण सह्यांचा लेखी करार नव्हता, आणि नंतर एक बाजू फिरली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखी आणि सहीचा कागद नसेल तर या नियमाखालची तडजोडच झालेली नाही. न्यायाधीशांसमोर बोललेले शब्दसुद्धा जिथे पुरले नाहीत, तिथे मध्यस्थीच्या खोलीतल्या "ठरलं तर मग" याला काय किंमत असणार?

संहितेचे कलम 89 नव्या रूपात 1 जुलै 2002 पासून लागू झाले आणि न्यायालयाने दावा मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट रुळली. अफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या 2010 च्या निकालाने पुढचा टप्पा स्पष्ट केला. मध्यस्थापुढे झालेला समेट आपोआप हुकूमनामा होत नाही. तो न्यायालयापुढे ठेवावा लागतो. न्यायालय तो कायदेशीर आहे ना हे पाहते आणि मगच त्यानुसार हुकूमनामा करते.

अशा संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. तडजोड बेकायदा होती असे म्हणून तो रद्द करून घेण्यासाठी वेगळा दावाही करता येत नाही. ज्या न्यायालयाने तो नोंदवला त्याच्याकडेच जावे लागते. परतीच्या वाटा अशा जवळपास बंद होतात, म्हणून सही करण्याआधीचा अर्धा तास फार मोलाचा असतो.

एक नमुना: विहीर, पाळी आणि रस्ता

आता एक वाद धरून पाहू. माणसे कल्पित आहेत, पण वाद कुठल्याही तालुक्याच्या न्यायालयात सापडेल असा आहे. दोन भाऊ, वडिलार्जित जमीन, गट क्रमांक 214. वहिवाटीने दोघे वेगवेगळे कसतात. सामाईक विहीर थोरल्याच्या बाजूला आहे. त्याने ती खोल केली, नवी मोटार बसवली, 2,40,000 रुपये खर्च केले आणि अर्धे मागितले. धाकट्याने दिले नाहीत. थोरल्याने पाणी बंद केले, विहिरीकडे जायचा रस्ता काट्या टाकून अडवला. धाकट्याने दिवाणी दावा लावला, तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली रस्त्यासाठी अर्ज केला, आणि मधल्या भांडणाची पोलीस ठाण्यात तक्रार झाली.

मध्यस्थीत दोघे एकत्र आले. ठरले असे: पाणी दोघांनी घ्यायचे, रस्ता खुला करायचा, धाकट्याने खर्चाचे पैसे द्यायचे, सगळ्या केसेस मागे घ्यायच्या. घाईत लिहिलेल्या कागदात ही चार वाक्ये जशीच्या तशी येतात. दोघांना त्या क्षणी त्यांचा अर्थ पक्का ठाऊक असतो, म्हणून ती पुरेशी वाटतात. पण हा कागद त्या दोघांच्या आजच्या मनःस्थितीसाठी लिहायचा नसतो. तो उद्या बेलिफाच्या हातात जाणार असतो, दरखास्त चालवणाऱ्या नव्या न्यायाधीशांपुढे जाणार असतो, कदाचित दोघांच्या मुलांच्या हातात जाणार असतो. यांपैकी कोणीच त्या खोलीत नव्हते. त्यांना नुसता कागद वाचून काय करायचे ते कळले पाहिजे. या लेखात जे काही सांगायचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

पहिले पाणी. "एक दिवसाआड पाणी घ्यावे" हे वाक्य वाचायला नेटके आहे. पण शेतीपंपाची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री, चक्राकार येते. रात्री बारानंतर सुरू असलेली मोटार कोणाच्या दिवसात धरायची? वीज दोन दिवस आलीच नाही तर पाळी बुडाली की पुढे सरकली? पहिल्याच रब्बीत भांडण इथून सुरू होते. तेच कलम असे लिहिता येते: "सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरल्याची आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याची पाळी राहील. पाळी त्या दिवशी सकाळी 6 पासून दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत धरावी. रविवारची पाळी आलटून पालटून राहील, पहिला रविवार धाकट्याचा. वीज नसल्याने बुडालेल्या पाळीची भरपाई मिळणार नाही. मात्र सलग 48 तासांहून अधिक वीज नसल्यास, वीज आल्यावर पहिली पाळी ज्याची आधी बुडाली त्याची राहील." शब्द वाढले, पण ज्या तीन ठिकाणी भांडण होणार होते ती तिन्ही बंद झाली.

मोटारीचेही तसेच. वीजजोडणी थोरल्याच्या नावावर आहे, तेव्हा बिल त्याच्याकडे येणार. धाकट्याने अर्धे बिल किती दिवसांत द्यायचे, मोटार जळाली तर दुरुस्ती कोणी करून घ्यायची, दुसऱ्याने वाटा दिला नाही तर काय, हे लिहावे लागते. "मोटार बंद पडल्यास ज्याची पाळी असेल त्याने 3 दिवसांत दुरुस्त करून घ्यावी, पावती दुसऱ्यास दाखवावी, दुसऱ्याने 15 दिवसांत निम्मी रक्कम द्यावी" एवढे पुरते. इथे एक गोष्ट आवर्जून टाळावी. पैसे थकले तर पाणी बंद करण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये. उभे पीक जळाले की समेट राहत नाही. थकलेल्या पैशाला वसुलीचा मार्ग असावा, पाण्याला हात लागू नये.

मग रस्ता. "जाण्यायेण्यास रस्ता द्यावा" या वाक्यावर बेलीफ काहीही करू शकत नाही. कुठून, कुठपर्यंत, किती रुंद, कशासाठी? "गट क्रमांक 214 मध्ये पूर्वेच्या बांधालगत, दक्षिणेकडील गावरस्त्यापासून उत्तरेकडे विहिरीपर्यंत, 10 फूट रुंदीचा रस्ता धाकट्यास पायी, बैलगाडी, ट्रॅक्टर व ट्रॉलीसह बारमाही वापरता येईल. थोरला त्यात काटे, दगड, चर किंवा पीक यांनी अडथळा करणार नाही. रस्ता सोबतच्या हातनकाशात लाल रेघेने दाखवला आहे." हातनकाशावरही दोघांच्या सह्या हव्यात. "अडथळा करणार नाही" हे शब्द असे स्पष्ट असले, तर हुकूमनामा जाणूनबुजून मोडणाऱ्याविरुद्ध न्यायालय मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद यांपर्यंत जाऊ शकते. "सहकार्य करावे", "सामंजस्याने वागावे", "भाऊबंदकी जपावी" या वाक्यांचा भाव चांगला आहे, पण त्यांची बजावणी कोणालाच करता येत नाही. ती हवीच असतील तर प्रस्तावनेत एकदा लिहावीत, अटींत नकोत.

पैशाची अट: सूट की दंड

रक्कम, तारीख, देण्याची रीत आणि न दिल्यास काय, या चार गोष्टींपैकी शेवटची लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात. आपल्या नमुन्यात निम्मा खर्च 1,20,000 रुपये होतो. थोरला म्हणतो, वेळेवर दिले तर 90,000 वर मिटवतो. आता कागदात "धाकट्याने 90,000 द्यावेत, न दिल्यास 1,20,000 द्यावेत" असे लिहिले तर जादा तीस हजार हा दंड आहे, अशी तक्रार पुढे होऊ शकते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार दंडाची रक्कम जशीच्या तशी मिळत नाही. न्यायालय वाजवी तेवढीच देते.

हाच व्यवहार उलट बाजूने लिहिला की चित्र बदलते: "धाकट्याकडून थोरल्यास रु. 1,20,000 येणे असल्याचे दोघांस मान्य आहे. धाकट्याने रु. 30,000 प्रमाणे तीन हप्ते 31 जानेवारी, 30 एप्रिल व 31 जुलै रोजी थोरल्याच्या बँक खात्यात भरल्यास उरलेले रु. 30,000 थोरल्याने सोडले असे समजावे. कोणताही हप्ता 15 दिवसांहून अधिक थकल्यास ही सूट संपेल आणि दिलेली रक्कम वजा जाता बाकी सर्व रक्कम एकदम देय होईल." इथे खरे देणे आधी कबूल झाले आहे आणि वेळेवर देणाऱ्याला सवलत मिळते आहे. सवलत हुकली म्हणजे दंड झाला असे होत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यांबाबत न्यायालये हाच फरक पाहत आली आहेत. मात्र धाकट्याला 1,20,000 चे देणे खरोखर मान्य असले पाहिजे. त्याला तो आकडाच मान्य नसेल तर ही शब्दरचना त्याच्या गळ्यात मारणे हा अन्याय आहे, आणि मध्यस्थाने ते होऊ देऊ नये.

तारखांच्या पुढे वर्ष लिहावे, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहावी, रोखीने देणे टाळावे. "लवकरात लवकर", "पीक निघाल्यावर", "सोयीनुसार" हे शब्द दिसले की ते खोडून तारीख घालावी. पीक निघाल्यावर पैसे येणार हे खरे असेल तर पीक निघण्याच्या महिन्यानंतरची तारीख धरावी. धाकट्याला झेपणार नाही असा हप्ता लिहून घेणे म्हणजे पुढची दरखास्त आजच लिहून ठेवणे आहे.

सह्या कोणाच्या

वादी आणि प्रतिवादी यांच्या सह्या झाल्या की काम झाले असे वाटते. पण आपल्या नमुन्यातला सातबारा उघडला की तिसरे नाव दिसते: बहिणीचे. महाराष्ट्राने 1994 च्या दुरुस्तीने आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या केंद्रीय दुरुस्तीचा अर्थ लावताना वडील त्या तारखेस हयात असण्याची अट नाही हे स्पष्ट केले. तरी भावाभावांच्या तडजोडीत बहीण विचारातच घेतली जात नाही. ती सासरी नांदते, तिला पाण्याशी काय करायचे, असे बोलले जाते. 2023 मध्ये प्रशांत कुमार साहू विरुद्ध चारुलता साहू या वाटपाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आणि सही नसलेल्या समझोत्यावर हुकूमनामा उभा राहू शकत नाही. बहिणीला दाव्यात पक्षकार करून घ्यावे, बैठकीला बोलवावे, तिचे म्हणणे ऐकावे आणि तिची सही घ्यावी. तिला पाणी नको असेल तर "पाळीत माझा भाग मागत नाही, जमिनीतील माझा हिस्सा अबाधित आहे" असे तिच्या तोंडून आणि तिच्या सहीने यावे. पाणी सोडले म्हणजे जमीन सोडली असा अर्थ नंतर कोणी काढू नये, म्हणून वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच लागतो.

वकिलाची सही पक्षकाराच्या जागी चालते का? योग्य अधिकार असलेला वकील सही करू शकतो असे बायराम पेस्तनजी गारीवाला प्रकरणात ठरले, आणि पक्षकाराच्या अधिकाराविना वकिलाने हक्क सोडू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बजावले. व्यवहारात यातून एकच शिकवण घ्यावी: पक्षकार हजर असेल तर सही त्याचीच, आणि वकिलाने ती ओळखल्याची सही शेजारी. परगावी असलेल्या भावाचा मुखत्यार सही करणार असेल तर मुखत्यारपत्रात तडजोड करण्याचा अधिकार शब्दांत लिहिला आहे का, ते आधी वाचावे. नुसता "दावा चालवण्याचा" अधिकार पुरत नाही.

नोंदणी आणि दुसऱ्या केसेस

दाव्यातल्या मालमत्तेपुरता संमतीचा हुकूमनामा असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 मधल्या अपवादामुळे तो वेगळा नोंदवावा लागत नाही. पण समजा, बोलण्याच्या ओघात थोरल्याने मोठे मन केले आणि पाइपलाइन आपल्या गट क्रमांक 219 मधून न्यायची परवानगी दिली. तो गट दाव्यात नाही. तडजोडीत तो आला म्हणजे अपवाद सुटला आणि तेवढ्या भागासाठी नोंदणीचा प्रश्न उभा राहिला. उपाय दोन आहेत. दाव्यात दुरुस्ती करून तो गट आत घ्यावा, किंवा वेगळा दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा आणि तो कोणत्या तारखेपर्यंत करायचा हे तडजोडीत लिहावे. घरगुती वाटणीबाबत 1976 च्या काले प्रकरणापासून आणखी एक भेद मानला जातो: आधी तोंडी झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदवावा लागत नाही, पण ज्या कागदानेच हक्क निर्माण होतो तो नोंदवावा लागतो. म्हणून "वाटणी पूर्वीच झाली आहे" हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी लिहिलेले असे खोटे वाक्य पहिल्या उलटतपासणीत उघडे पडते.

"सर्व केसेस मागे घेण्यात येतील" हे वाक्यही असेच फसवे आहे. प्रत्येक प्रकरणाचे न्यायालय किंवा कार्यालय, क्रमांक, वर्ष आणि कोणत्या तारखेपर्यंत कोण अर्ज देणार, हे स्वतंत्र ओळीत यावे. तहसीलदाराकडचा अर्ज मागे घेणे धाकट्याच्या हातात आहे. पोलीस तक्रारीचे तसे नाही. गुन्हा तडजोडयोग्य असेल तर फौजदारी न्यायालयात ती मिटवावी लागते, काही गुन्ह्यांत न्यायालयाची परवानगी लागते आणि काही गुन्हे पक्षकारांना मिटवताच येत नाहीत. तेव्हा "गुन्हा मागे घेईन" असे वचन लिहून घेऊ नये. "तडजोडीसाठी कायद्याने आवश्यक तो अर्ज व संमती 30 दिवसांत देईन" एवढेच माणसाच्या हातात असते, तेवढेच लिहावे.

वाचन

कागद तयार झाल्यावर तो मोठ्याने वाचावा, आणि पक्षकारांच्या भाषेत वाचावा. मराठी माणसाला इंग्रजी अटींवर सही करायला लावून "सगळे बरोबर आहे" असे सांगणे, ही वाद पुन्हा उकरण्याची सोपी वाट आहे. मला समजले नव्हते, हेच वाक्य पुढे अर्जात येते. चांगले मध्यस्थ वाचून झाल्यावर "समजले का?" असे विचारत नाहीत, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ते धाकट्याला विचारतात, "येत्या रविवारी मोटार कोण सुरू करणार?" थोरल्याला विचारतात, "दुसरा हप्ता आला नाही तर तुम्ही काय करणार?" उत्तर कागदाशी जुळले नाही तर कलम पुन्हा लिहितात.

मग प्रत्येक पानावर सह्या, खाडाखोड असेल तिथे दोघांच्या लघुसह्या, अंगठा असेल तर तो कोणाचा आणि कोणासमोर घेतला याची नोंद, वकिलांच्या सह्या, मध्यस्थाची सही. दोघांना त्याच वेळी एकेक प्रत. "उद्या येऊन सही करतो" याला शक्यतो नकार द्यावा; पण कोणाला खरोखर घरी बोलायचे असेल, वकिलाला दाखवायचे असेल, तर रेटू नये. अशा वेळी ज्या मुद्द्यांवर एकमत आहे ते लिहून, "सह्या होईपर्यंत हे कोणावर बंधनकारक नाही" असे वर स्पष्ट नमूद करावे. बंधनकारक आहे की नाही ते न सांगणारा अर्धवट कागद कोणाच्याच कामाचा नसतो.

हुकूमनाम्यानंतर, आणि दावा नसताना

हुकूमनामा झाला की त्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन विहीर व रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत होण्यासाठी पाठपुरावा करावा. कोणी अट मोडली तर त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त करता येते. पैशाच्या वसुलीसाठी मुदत 12 वर्षांची आहे, कायम मनाईला मुदतीचे बंधन नाही. मात्र दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तुमच्या मनात काय होते ते शोधत नाही. लिहिले असेल तेवढेच ते बजावते.

दावाच नसेल तर स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या समित्यांपुढे तंटे मिटले. समितीपुढे लिहिलेला कागद मोलाचा असतो, पण सरपंचांच्या आणि पंचांच्या सह्यांनी तो हुकूमनामा होत नाही. तो करार राहतो, आणि मोडला तर करार म्हणून दावा लावावा लागतो. प्रकरण लोकअदालतीपुढे नेऊन तिथे निवाडा करून घेतला तर त्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते.

ही उणीव भरून काढण्यासाठी 2023 चा मध्यस्थी कायदा आला. समझोता लेखी असावा, पक्षकारांनी सही करावी, मध्यस्थाने तो प्रमाणित करावा, आणि मग तो हुकूमनाम्यासारखा बजावता यावा, अशी त्याची रचना आहे. आव्हान फक्त फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीस अयोग्य वाद या कारणांवर, तेही सामान्यतः 90 दिवसांत. पण 9 ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेने या कायद्याची काही कलमेच लागू झाली. समझोत्याचे स्वरूप आणि बजावणी सांगणारी कलमे त्या यादीत नव्हती. म्हणून न्यायालयाबाहेर समझोता करणाऱ्याने सही करण्याआधी, ही कलमे त्या दिवशी लागू आहेत का, हे वकिलाकडून पक्के करून घ्यावे. कायदा पूर्ण लागू झाला तरी सैल वाक्य घट्ट होणार नाही, उलट आव्हानाच्या वाटा कमी झाल्याने ते अधिक महागात पडेल.

मध्यस्थी केंद्रात तुमची तारीख असेल तर तीन गोष्टी सोबत न्या: ताजा सातबारा, सगळ्या प्रलंबित प्रकरणांचे क्रमांक आणि ज्यांचे नाव मालमत्तेवर आहे ती सगळी माणसे. कागद तयार झाला की सहीआधी तो त्या खोलीत नसलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला द्या. कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत करायचे आणि न केल्यास काय, हे त्याला काही न विचारता सांगता आले तर सही करा. त्याने एकही प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर आधी कागदात लिहून घ्या.